अनुभव धागा : ऑनलाइन मागवलेला कुर्ता, अंगाचे माप आणि परतीचा प्रश्न

धागा काढणारी, पुणे

आमच्या लहानशा ऑनलाइन कुर्ता-दुकानासाठी ग्राहकांच्या नेहमीच्या शंकांची उत्तरे मी भागाभागाने लिहीत आहे. पार्सल कधी येईल, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो; परंतु परत आलेल्या कुर्त्यांची कारणे वाचत गेले, तेव्हा बहुतेक ठिकाणी मूळ मापातच सापडले. त्यामुळे हा भाग मापासाठी ठेवला आहे.

ज्या प्रसंगाने माझे डोळे उघडले तो सांगते. एका ताईंच्या छातीचे माप साडेसदतीस इंच होते. आमच्या तक्त्यात ‘एम – ३८’ असे लिहिलेले होते, म्हणून त्यांनी एम मागवला. तो ३८ आकडा शिवून तयार झालेल्या कुर्त्याचा होता, अंगाचा नव्हे, आणि तसे आम्ही कुठेही लिहिले नव्हते. कुर्ता अंगात गेला, पण वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की काखेत ओढ बसत होती. मी त्यांना फोनवर विनंती केली की, नेहमी घालता तो सैलसर कुर्ता पलंगावर सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा. माप साडेवीस इंच भरले, म्हणजे दुप्पट करून ४१. त्यांना हवा होता तो आमच्याकडचा एक्सएल निघाला, आणि इतकी वर्षे एम घालणाऱ्या बाईला एक्सएल घ्या म्हणून सांगणे मला त्या दिवशी फार जड गेले. आता तक्त्यात ‘अंगाचे माप’ आणि ‘कुर्त्याचे माप’ असे दोन वेगळे रकाने आहेत. आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

सोलापूर, चाळीस वर्षे शिलाईकाम

तुम्ही केलेले दोन रकाने योग्य आहेत. सरळ कुर्त्याला छातीत अंगापेक्षा तीन इंच सैलपणा ठेवावा, असा माझा हात बसलेला आहे. दोन इंचांवर कुर्ता अंगासरशी बसतो. त्याहून कमी ठेवायचा असेल तर टक्स नीट घालावे लागतात आणि मुंढा जपून कापावा लागतो, आणि तयार कपड्यात ती मेहनत सहसा कोणी घेत नाही.

पण फक्त छातीचे माप देऊन भागत नाही. सीटचे माप आणि बाजूचा कट कुठून सुरू होतो, ही दोन्ही मापे तक्त्यात हवीत. छाती ३८ आणि सीट ४२ असलेल्या बाईला छातीवरून निवडलेला कुर्ता वर उत्तम बसतो आणि खाली कटाशी फाकतो. कट कमरेजवळून सुरू होत असेल तर हे चालून जाते, पण कट सीटच्या खाली असेल तर कुर्ता तिथे अडतो आणि बसताना शिवण उसवते. आणखी एक गोष्ट म्हणजे, आत माया किती सोडली आहे ते लिहा. बाजूच्या प्रत्येक शिवणीत पाऊण इंच माया असेल, तर जवळचा कोणताही शिंपी कुर्ता दोनेक इंच सैल करून देतो आणि पार्सल परत पाठवण्याची वेळच येत नाही.

नाशिक

माझा साधा नियम असा आहे की, सुती कुर्ता नेहमी एक माप मोठा घ्यावा, कारण तो आकसतोच. वीस वर्षे मी असेच करत आलो आहे आणि मला कधी अडचण आली नाही.

सोलापूर

आकसतो हे खरे आहे, पण तुमचा उपाय अर्धाच लागू पडतो. हातमागाचे किंवा साधे सुती कापड उभ्या धाग्यात, म्हणजे लांबीत, जास्त आकसते. एक माप मोठा घेतल्याने छाती दोन इंचांनी वाढते आणि खांदाही उतरतो; उंची मात्र बहुतेक तयार कुर्त्यांत सर्व मापांना सारखीच असते. म्हणजे जिथे कमी पडणार तिथे काहीच मिळत नाही, आणि जिथे नको तिथे सैलपणा येतो. तुम्हाला अडचण आली नाही, याचे कारण बहुधा तुम्ही सैल कुर्तेच पसंत करता.

कुडाळजवळचे एक गाव

माझा अनुभव पार्सलचा आहे. आमच्या पिनकोडखाली अनेक वाड्या येतात. संकेतस्थळावर पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असे दिसते, पण कुरिअरचा माणूस तालुक्याच्या गावी थांबून फोन करतो आणि रेंज नसल्याने फोन लागला नाही की पार्सल परत जाते. यावर आम्ही काढलेली वाट अशी की, पत्त्यात बसथांब्याजवळच्या किराणा दुकानाची खूण आणि दुसरा फोन क्रमांक देतो. परतीचा त्रास याहून मोठा आहे, कारण पार्सल पोचवायला माणूस येतो, पण परत न्यायला येत नाही. मग स्वतः टपाल कार्यालयात जाऊन स्पीड पोस्ट करावे लागते आणि तो खर्च कोणाचा, हे दुकान आधी सांगत नाही. आपण आपल्या उत्तरांत ते स्पष्ट लिहावे, ही मनापासून विनंती.

ठाणे, ग्राहक तक्रारींत मदत करते

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर अपरिहार्य संकटामुळे झाला असेल तर तो अपवाद आहे. परंतु माप बसले नाही किंवा रंग मनास आला नाही, एवढ्यावर परतीचा हक्क मिळत नाही; तिथे दुकानाचे स्वतःचे धोरण चालते, आणि ते धोरण खरेदीपूर्वी दिसेल असे मांडणे दुकानावर बंधनकारक आहे. म्हणूनच तक्त्यातला आकडा चुकीचा असणे आणि ग्राहकाने माप चुकीचे घेणे यांत मोठा फरक आहे. तक्त्यात ४१ लिहिले आणि कुर्ता ३९ भरला, तर टेप लावून फोटो काढून ठेवावा. दुकान दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

न्यू जर्सी

आम्हाला परत पाठवणे परवडतच नाही, कारण टपालखर्च कुर्त्याच्या किमतीवर जातो. म्हणून मी आधी दुकानाकडून त्याच कुर्त्याचा टेप लावलेला फोटो मागवते आणि माझ्या जुन्या कुर्त्याशी ताडून पाहते. फोटो द्यायला नाही म्हणणाऱ्या दुकानातून घेत नाही.

छत्रपती संभाजीनगर

माझा प्रश्न कोणीच घेतलेला नाही. एका दुकानातून घेतलेला ४६ इंचांचा इंडिगो कुर्ता पहिल्या धुण्यात जवळपास दोन इंच आखूड झाला. दुकानाने सांगितले की धुतलेला कपडा परत घेत नाही. आकसणे धुतल्याशिवाय कळणार कसे?

धागा काढणारी, पुणे

आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि आमच्याही अटींत हीच अडचण आहे. सध्या मी प्रत्येक नव्या थानातून तुकडा कापून त्यावर वीस इंचांचा चौकोन आखते, घरच्यासारखा धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजते. मागच्या थानात उभ्या बाजूला तो १९.२ इंच भरला, म्हणजे चार टक्के. ४६ इंचांच्या कुर्त्यात हे पावणेदोन इंचांहून थोडे अधिक होते. तो आकडा आता मी कुर्त्याच्या माहितीतच लिहिते. त्याहून जास्त आकसला तर धुतलेलाही कुर्ता परत घ्यावा, असे माझे मन सांगते. पण गरम पाण्यात किंवा मशीनच्या ड्रायरमध्ये टाकलेला कपडा कसा ओळखायचा, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

ठाणे

आकडा लिहून दिल्यावर तो जाहिरातीतला दावा होतो, हे लक्षात ठेवा. मग धुतला की नाही, हा मुद्दा मागे पडतो.

सोलापूर

माझ्या मते आकडा लिहिण्यापेक्षा कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात टाकावे आणि मगच शिवावे. खर्च वाढतो आणि कापडाची कोरी चमक थोडी जाते, हेही तितकेच खरे.

धागा काढणारी, पुणे

त्या चमकेवरूनच ग्राहक नवा कपडा ओळखतात, मास्तर. पाण्यातून काढलेला कुर्ता ‘वापरलेला आहे’ म्हणून आमच्याकडे दोनदा परत आला आहे.