शब्दचर्चा: केओटी, शेरा आणि बिल फोडणे

मांडवीकाठ
पणजीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये कामाला लागणाऱ्या नव्या वेटरांसाठी मराठीत सूचना लिहिते आहे. तीन ठिकाणी अडले: केओटी म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, मॉडिफिकेशन आणि बिल स्प्लिट. कुणी 'पाकगृह मागणीपत्र', 'पदार्थ फेरबदल' आणि 'देयक विभाजन' असे शब्द सुचवले. ते वाचून कुठला पोरगा टेबलावर जाऊन नीट काम करेल? आतली माणसं काय बोलतात ते हवं आहे, आणि प्रत्येक शब्द नक्की कुठल्या कामाला लावायचा तेही.

अक्षरगंध
'भटारखान्याची चिठ्ठी' म्हणा. हॉटेलच्या स्वयंपाकघराला भटारखाना हा मराठीतला जुना, सरळ शब्द आहे. केओटी ही बिलाचीच पहिली प्रत असते, तेव्हा 'कच्चं बिल' म्हटलं तरी चालेल.

गल्ल्यावरून
भटारखाना छान, पण 'कच्चं बिल' नको, त्याने घोळ होईल. केओटीवर किमती नसतात. टेबल नंबर, किती माणसं, वेटरचं नाव किंवा कोड, वेळ, पदार्थ, संख्या आणि त्याखाली शेरा, एवढंच असतं. आचाऱ्याला पैशांशी देणंघेणं नाही. 'कच्चं बिल' म्हणजे गिऱ्हाइकाला तपासायला देतात तो किमतींसह कागद, तो वेगळा.

जिथे पॅडवर लिहितात तिथे कार्बन घालून तीन प्रती निघतात: एक आत, एक गल्ल्यावर, एक वेटरकडे. जिथे यंत्र आहे तिथे वेटरने ऑर्डर पाठवली की पदार्थ आपापल्या ठिकाणी छापून निघतात. तंदूरचं तंदूरपाशी, फिश फ्राय मेन किचनमध्ये. बारचं जे निघतं त्याला बीओटी म्हणतात, कारण दारूचा हिशेब शेवटपर्यंत वेगळा चालतो. बोलताना 'केओटी मार', 'केओटी गेली का?' असंच ऐकू येतं. सूचनांत 'केओटी' हाच शब्द ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगा की ही आत जाणारी ऑर्डरची चिठ्ठी आहे, बिल नाही.

मांडवीकाठ
हे पटलं. आणि मॉडिफिकेशनला 'बदल' पुरेल का?

गल्ल्यावरून
'बदल' या एकाच शब्दात तीन वेगळी कामं कोंबली जातात, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

पहिलं काम म्हणजे शेरा: 'तिखट कमी', 'कांदा नको'. किंमत तीच राहते, फक्त आचाऱ्याला कळायला हवं. दुसरं म्हणजे पर्याय: इसवण रवा फ्राय की मसाला फ्राय, थाळीत भात साधा की उकडा. हे विचारल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये. तिसरं म्हणजे जादा: जादा सोलकढी, जादा पोळी. याचे पैसे लागतात. वेटरने 'जादा सोलकढी' शेऱ्यात टाइप केली तर आतून सोलकढी येते, पण बिलात तिचे पैसे येत नाहीत, कारण यंत्र शेऱ्याला किंमत लावत नाही. म्हणून सूचनांत 'शेरा', 'पर्याय' आणि 'जादा' हे तीन शब्द वेगळे ठेवा.

आणखी एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहा. दोन फिश थाळ्या घेतल्या आणि त्यातल्या एकीतच सुक्या मासळीची किस्मूर नको असेल, तर '2 फिश थाळी' या ओळीखाली शेरा लिहायचा नाही. तो दोन्ही थाळ्यांना लागू होतो, किंवा आचारी अंदाजाने कुठल्यातरी एकीला लावतो. ओळ फोडायची: '1 फिश थाळी', आणि तिच्याखाली दुसरी '1 फिश थाळी, किस्मूर नको'.

सासष्टीची ताई
शेऱ्यावरून आठवलं. आमच्याकडे 'शिवराक' असं नुसतं लिहून आत पाठवतात. शिवराक म्हणजे कांदा-लसूण नसलेलं, हे सगळ्यांना माहीतच असतं ना?

अक्षरगंध
माझ्या माहितीत शिवराक म्हणजे मासे-मटण नाही, बस्स. कांद्याचा संबंध नाही.

सासष्टीची ताई
घराघरात फरक आहे. सणावाराला, देवकार्याला शिवराक म्हणजे कांदा-लसूणही नाही, असंच धरतात.

गल्ल्यावरून
दोघांचं आपापल्या घरी बरोबर असेल. पण केओटीवर असा शब्द एकटा जाऊ नये. 'शिवराक, कांदा-लसूण नको' किंवा 'शिवराक, कांदा चालेल', यातलं एक विचारून पूर्ण लिहायचं. आचारी पेडण्याचा असेल, झारखंडचा असेल किंवा नेपाळचा, अर्थ त्याच्यावर सोडायचा नाही.

ॲलर्जी मात्र शेरा नव्हे. कोळंबीला इथे सुंगटं म्हणतात. 'सुंगटं नकोत' असं लिहिलं तर आचारी ताटातून सुंगटांचा पदार्थ वगळेल, पण त्याच तेलात सुंगटं तळली असतील तर काय? आणि किस्मूर बऱ्याचदा सुक्या सुंगटांचीच असते, हे बाहेरून आलेल्या पाहुण्याला ठाऊक नसतं. केओटीवर 'ॲलर्जी: सुंगटं' असं पहिल्या ओळीत लिहायचं आणि शिवाय आत जाऊन तोंडी सांगायचं.

फोंड्याची खानावळ
आमची जागा लहान आहे, कागदी पॅडवर चालतं. गिऱ्हाईक ऑर्डर देऊन पाच मिनिटांनी म्हणतं, शाकुती नको, काफ्रियाल आण. आम्ही त्याच चिठ्ठीवर खोडून नवं लिहितो. यात काय बिघडतं?

गल्ल्यावरून
तुमच्या हातातल्या प्रतीवर खोडलंत, पण आतली प्रत जशी होती तशीच राहिली. मग शाकुती शिजते आणि काफ्रियालही शिजतं, किंवा गल्ल्यावरच्या प्रतीत शाकुती राहते आणि बिल चुकतं. खाडाखोड करायचीच नाही. 'रद्द' अशी वेगळी चिठ्ठी काढायची, मूळ चिठ्ठीचा नंबर तिच्यावर घालायचा आणि नव्या पदार्थाची नवी चिठ्ठी द्यायची. यंत्रातही हेच होतं: रद्द केलं की आत 'रद्द' छापून येतं. पदार्थ चुलीवर चढला असेल तर कॅप्टनला विचारल्याशिवाय रद्द नाही. रात्री चिठ्ठ्यांचे नंबर बिलांशी जुळवताना जी चिठ्ठी ना बिलात ना रद्दमध्ये, तिथे पैसा गळला असं समजायचं.

रद्द हा शब्द 'शेरा' आणि 'बदल' यांच्यापासून लांब ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

मांडवीकाठ
आता शेवटचा शब्द. 'बिल फोडणे', 'बिल वाटणे', 'टीटीएमएम', की 'कॉन्ट्री'?

सासष्टीची ताई
वाटायचं तर आधी सर्व्हिस चार्जचं काय ते ठरवा. तो वेटरांत कसा वाटतात हेही लिहा.

मांडवीकाठ
ताई, तो प्रश्न निराळा. मी पाहुण्यांनी आपसात बिल वाटून घेण्याबद्दल विचारते आहे.

गल्ल्यावरून
सर्व्हिस चार्जबद्दल एकच: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप लावायचा नाही. तेव्हा तो वाटणीतही धरू नका.

टीटीएमएम आणि कॉन्ट्री हे पाहुण्यांचे शब्द आहेत. कॉन्ट्रीत पैसे एका जागी जमा होतात, टीटीएमएममध्ये ज्याचं त्याने द्यायचं. वेटरला मात्र यापेक्षा दुसराच फरक कळायला हवा. 'पैसे वाटून घेणे' म्हणजे बिल एकच, पण दोघे यूपीआय, तिसरा कार्ड, चौथा रोख. ते बिल छापल्यावरही जमतं. 'बिल फोडणे' म्हणजे एका टेबलाची चार बिलं, चार वेगळे नंबर. ते अंतिम बिल निघण्याआधीच करावं लागतं. जीएसटीचा बिल नंबर एकदा पडला की तो पुसून नव्याने छापता येत नाही, त्याची रीतसर नोंद करून मगच दुरुस्ती होते. म्हणून वेटरने ऑर्डर घेतानाच विचारावं: 'बिल एकत्र की वेगवेगळं?'

अक्षरगंध
शेवटी एकूण रकमेला चारने भागलं की झालं. त्यासाठी आधी कशाला विचारायचं?

गल्ल्यावरून
भागून बघू. किमती उदाहरणापुरत्या. टेबल 7, चार खुर्च्या, दरवाजाजवळची पहिली, तिथून घड्याळाच्या दिशेने. पहिल्या आणि दुसऱ्या खुर्चीला फिश थाळी, 350 प्रत्येकी. तिसरीला शिवराक थाळी 250. चौथीला चिकन शाकुती 300. सुंगटं रवा फ्राय 400 ची, मध्ये ठेवून तिसरी सोडून बाकी तिघांनी खाल्ली. दुसरी आणि चौथी यांनी एकेक बिअर घेतली, 150 प्रत्येकी, कर धरून.

जेवण 1,650. त्यावर 5 टक्के जीएसटी 82.50, म्हणजे 1,732.50. बिअरच्या 300 वर जीएसटी नाही, मद्य त्यात येतच नाही. एकूण 2,032.50. चारने भागलं तर प्रत्येकी साधारण 508. शिवराक खाणाऱ्याचे खरे होतात 262.50. मासे नाहीत, बिअर नाही, तरी जवळजवळ दुप्पट.

खुर्चीप्रमाणे केलं तर पहिली 507.50, दुसरी 657.50, तिसरी 262.50, चौथी 605. बेरीज 2,032.50, बरोबर जुळते. पण हे तेव्हाच होतं जेव्हा वेटरने प्रत्येक पदार्थासमोर खुर्चीचा नंबर घातलेला असतो. तो नसेल तर शेवटी गल्ल्यावर 'बिअर कुणाची?' विचारत बसावं लागतं.

मांडवीकाठ
400 चे तीन भाग 133.33. मग एक पैसा कुठे जातो?

गल्ल्यावरून
तो कुणा एकाच्या वाट्याला घालावा लागतो, म्हणजे एकाचे 133.34. हे क्षुल्लक वाटतं, पण जेवणाची चार बिलं रुपयात पूर्ण केली की फरक दिसतो. पैसा सोडून दिला तर पहिल्या खुर्चीचं जेवण 507.49 होतं आणि 507 ला पूर्ण होतं. चारही मिळून 1,732. पैसा तिच्या नावावर घातला तर 507.50, म्हणजे 508, आणि चार मिळून 1,733. एकच बिल केलं असतं तरी 1,732.50 चे 1,733 च झाले असते. रात्री गल्ला मोजताना एक रुपया कमी आला की बऱ्याचदा कारण असं असतं.

फोंड्याची खानावळ
आणि मध्येच टेबल बदललं तर?

गल्ल्यावरून
तर यंत्रातलं खातं नव्या टेबलावर जातं, पण आत लटकलेल्या चिठ्ठ्यांवर जुनाच नंबर असतो. आत जाऊन 'सातचं बारावर' असं सांगावंच लागतं. खुर्चीचे नंबरही नव्या टेबलाप्रमाणे पुन्हा लावायचे, कारण बसण्याचा क्रम बदललेला असतो.

अक्षरगंध
बरं, 'बिल फोडणे' मान्य. पण एखादा पाहुणा लवकर निघून गेला आणि नंतर बाकीच्यांनी त्याच रवा फ्रायची दुसरी प्लेट मागवली, तर त्याच्या वाट्याला पहिलीच प्लेट का?

गल्ल्यावरून
त्याचं बिल निघालं असेल तर पहिलीच, ते बिल बंद झालं. निघालं नसेल तर दुसरी प्लेट फक्त बसलेल्यांच्या खुर्च्यांवर टाकायची.

सासष्टीची ताई
त्याच्या मागे राहिलेली पहिल्या प्लेटमधली चार सुंगटं बाकीच्यांनी खाल्ली तर?

गल्ल्यावरून
ते आपसात बघून घ्यावं. यंत्र प्लेट मोजतं, सुंगटं नाही.