लॉक-इन आणि नोटीस: कलम नीट वाचा

> "भाडेकरारात लॉक-इन सहा महिने आणि नोटीस एक महिना, दोन्ही लिहिलंय. मग घर सोडता कधी येईल?"

ते नोटीस कधी देता येते यावर आहे. समजा करार १ जूनपासून अकरा महिन्यांचा, भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, ३० नोव्हेंबरला संपतो. त्या काळात नोटीस चालत असेल तर ३१ ऑक्टोबरला देऊन नोव्हेंबरअखेर निघता येतं. 'लॉक-इन संपल्यानंतरच' असं असेल तर डिसेंबरचंही भाडं गेलं. सप्टेंबरअखेरच निघालात तर मालक ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ३६,००० डिपॉझिटमधून मागणार, हातात उरतील १४,०००.

लॉक-इन मालकावरही आहे का, हेही बघा. बऱ्याच छापील मसुद्यांत तो फक्त भाडेकरूला बांधतो, म्हणजे मालक महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतो. 'उभयपक्षी' हा शब्द सहीआधी घालून घ्या. एजंट कुरकुरेल, कुरकुरू दे.

आणि नुसत्या नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची.