तुळशीचा काढा: किती वेळा, किती दिवस? तुमचे अनुभव सांगा

राजारामपुरी
यंदा पावसात खोकला लागला. मूठभर तुळस, आठ-दहा मिरी, चार लवंगा, दालचिनी, सुंठ. काळंभोर होईस्तोवर उकळून दिवसाला तीनदा पीत होते. आठवड्यात कफ गेला, पण आडवं झालं की कोरडी ढास यायची. म्हणून काढा आणखी कडक केला! असे वीस दिवस गेले. डॉक्टरांनी विचारलं, "छातीत जळजळतं? सकाळी तोंड आंबट असतं?" दोन्ही होतं. मिरी-लवंगेनं पित्त वर चढत होतं आणि त्याचीच ढास. काढा बंद केला, जेवण आठला उरकलं, उशाकडची बाजू उंच केली. सहाव्या रात्री सलग झोपले. तुम्ही कधी थांबता?

फुलेवाडी
आमची आज्जी बारा महिनं पित्या, तिला कायबी हुईना. घरचं औषध हाय, किती पिलं तर काय बिघडतंय?

शाहूपुरी, वैद्यकी करते
आज्जी बहुधा चहात दोन पानं टाकत असतील, ते वेगळं. खोकल्याला मी सात-आठ पानं, दोन मिरी, बोटाच्या पेरापेक्षा कमी आलं सांगते. दीड कप पाणी आटवून एक कप करायचं. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा कप, खाल्ल्यावर. चार-पाच दिवस, फार तर आठवडा. घसा शेकतो, कफ सुटायला मदत होते, एवढंच. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणून तितके दिवस काढा ओढायचा नाही. जळजळ झाली की त्याच दिवशी थांबा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मंगळवार पेठ
माझी तुळस पावसात काळी पडून झडते. काढ्याला पानं आणू कुठून?

कसबा बावडा
कुंडी वळचणीखाली घ्या, पाणी कमी घाला. बाकी, माझा खोकला काढ्यानं हललाच नाही. कफ नाही, ताप नाही, नुसता घसा खवखवायचा. निघालं काय, तर बीपीची नवी गोळी! डॉक्टरांनी बदलून दिली, तरी पुरता जायला महिना लागला. वर काढ्यात मी जेष्ठमध घालत होतो, त्यानंही बीपी वाढतं म्हणे.

शाहूपुरी, वैद्यकी करते
वाढतं, रोज घेतलं तर नक्कीच. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरतंय किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर सीपीआर हॉस्पिटलमध्ये थुंकी तपासून घ्या. धाप लागली तर दिवस मोजत बसू नका.

राजारामपुरी
आणि गूळ? आमच्या ह्यांना साखर आहे, तरी "गुऱ्हाळाचा आहे, चालतो" म्हणून लिंबाएवढा खडा टाकतात.

फुलेवाडी
गुळाबिगर काढा? त्यापरास खोकला बरा.

शाहूपुरी, वैद्यकी करते
रक्तातली साखर गुऱ्हाळ बघत नाही हो. बिनगुळाचा द्या.

राजारामपुरी
दिला. बेसिनमध्ये ओतताना सापडले.