वीचॅटचा ग्रुप सोडायचा नाही, फक्त गप्प करायचाय – तुमचे अनुभव?

शांघायकरीण: आज नवीन आलेल्या एका मराठी मैत्रिणीने मुलाच्या बालवाडीच्या ग्रुपचं सेटिंगचं पान पाठवलं, अख्खं चिनी, आणि मला आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. बाईंनी एक सूचना टाकली की सगळे पालक 收到 म्हणजे 'मिळालं' लिहिणार, फोन टुणटुण टुणटुण. ग्रुप सोडता येत नाही, उद्याच्या डब्याचं तिथेच कळतं. वर उजवीकडच्या तीन टिंबांवर गेलं की ते पान उघडतं. खाली बटणं असलेल्या ओळी आहेत त्यात 消息免打扰 शोधायचं, ते हिरवं केलं की आवाज बंद. त्याच्याखाली 置顶聊天, त्याने उलट ग्रुप यादीत सगळ्यात वर चिकटून बसतो. आणि तळाशी लाल अक्षरातलं 退出群聊 म्हणजे बाहेर पडणं, तिकडे बोट नेऊ नका. तुम्ही कसं शोधलंत?

पोहेप्रेमी: फोनच्याच सेटिंगमधून वीचॅटचं नोटिफिकेशन बंद, विषय संपला

ग्वांगझूचा_दादा: अहो मग माल पाठवणाऱ्याचा मेसेजही येणार नाही ना! एकच ग्रुप गप्प करायचाय. बंद झाला हे ओळखायचं तर यादीत ग्रुपपाशी काट मारलेली घंटा दिसते आणि लाल आकड्याऐवजी नुसता लाल ठिपका येतो. आकडाच दिसत असेल तर भलतंच बटण दाबलंय.

आईची_लेक: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण असंच 🙏🙏 चालू असतं, त्याला काही उपाय आहे का कोणाकडे

शांघायकरीण: ताई तो वेगळा धागा काढा 😄

एमबीबीएस_चीन: आमच्या वर्गाच्या ग्रुपला मी हे केलं, पण सरांनी नाव घेऊन विचारलं तर कळणारच नाही या भीतीने परत चालू केलं

ग्वांगझूचा_दादा: नावाने हाक मारली की यादीत त्या ग्रुपखाली लाल अक्षरात [有人@我] येतं. फक्त यादी उघडून बघावी लागते, आवाजाच्या भरवशावर राहू नकोस. शिवाय बटण चालू केलं की खाली आणखी ओळी उघडतात, त्यातली 折叠该群聊 दाबलीस तर ग्रुप घडी घालून एका डब्यात जातो, वर्गाच्या ग्रुपला ते नकोच.

एमबीबीएस_चीन: अच्छा म्हणून रूममेटचा ग्रुप गायब झालाय!!

पोहेप्रेमी: सगळं अ‍ॅपच इंग्रजी करा की

शांघायकरीण: होतं, 我 मग 设置 मग 通用 मध्ये भाषेची ओळ आहे. पण सासूबाईंच्या जुन्या फोनवर चिनीच ठेवलंय, शेजारच्या आजी त्यांना मदत करतात, त्यांना इंग्रजी येत नाही.

कोथरूडवासी: भारतात 2020 पासून बंदीच आहे ना यावर? भाऊ तिकडे असतो, बोलायचं कसं हाच आमचा प्रश्न

आईची_लेक: डब्यात काय देता हो तिकडे? माझी तर पोळीच खात नाही

शांघायकरीण: बालवाडीतच गरम जेवण देतात, उद्या सहल म्हणून डबा. थालीपीठ देतेय, बघू