राजाराम बंधारा, ३९ फूट: दोन्ही अंदाज ८० टक्के बरोबर, मग चांगला कोणता?

पंचगंगाकाठ: बंधाऱ्यावर उद्या पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडेल का, हे मी दोन पद्धतींनी काढून बघितलं. दहा दिवसांत दोनदा ओलांडली. पहिली पद्धत रोज शून्य टक्के म्हणाली. दुसरी त्या दोन दिवसांसाठी ४० टक्के आणि बाकी आठ दिवस ५ टक्के म्हणाली. ५० च्या वर ‘हो’ धरलं तर दोन्हींची अचूकता ८० टक्केच. दोन्ही सारख्याच समजायच्या का?

आकडेवाली ताई: नाही. तुम्ही ५० वर रेघ मारलीत तिथंच ४० आणि शून्य यांतला फरक पुसला गेला. त्याऐवजी रोजच्या चुकीचा वर्ग करा. पहिलीची चूक दोन दिवस पूर्ण १, म्हणून सरासरी ०.२. दुसरीची त्या दोन दिवशी ०.६, वर्ग ०.३६, उरलेल्या दिवशी वर्ग जेमतेम ०.००२५. सरासरी ०.०७४. याला ब्रायर स्कोअर म्हणतात, कमी तितका चांगला. डोळे मिटून रोज २० टक्के सांगितले असते तरी ०.१६ आला असता. म्हणजे तुमची पहिली पद्धत त्याहूनही वाईट.

कसबा बावडा: एवढं कशाला? रेघ ३० वर आणा, दुसरीची अचूकता १०० टक्के होते.

आकडेवाली ताई: होते, खरंय. पण ती रेघ तुम्ही निकाल बघून मारली. शिवाय त्या दोन दिवशी ४० ऐवजी ९० सांगितले असते तरी तुमची अचूकता १००च राहिली असती. ब्रायर मात्र ०.००४ वर आला असता.

शाहूपुरी दुकानदार: मला स्कोअर नको, माल माळ्यावर चढवायचा का ते सांगा. २०१९ ला पाणी दुकानात आलं होतं. ४० टक्के ऐकलं असतं तर मी हमाल बोलावले असते. शून्य ऐकून कोण बोलावतंय?

लॉगवाला: दादांनी नेमकं बोट ठेवलं. म्हणून मी लॉग लॉस वापरतो. जे घडलं त्याला जितकी शक्यता दिली होती, तिचा ऋण नैसर्गिक लॉग. दुसरीचा सरासरी ०.२२४. पहिलीनं शून्य म्हटलं आणि पाणी चढलं, म्हणून तिचा अनंत. ब्रायरला शून्य आणि १ टक्का जवळपास एकच: वर्ग १ आणि ०.९८. एवढ्या ठाम खोटेपणाला एवढीच शिक्षा मला पटत नाही.

आकडेवाली ताई: पण अनंत आला की बाकीचे आठ दिवस कसे गेले ते कळतच नाही. आणि सॉफ्टवेअर शून्याऐवजी `1e-15` धरत असेल तर त्या दिवसाचे ३४.५ होतात. तो आकडा पद्धतीचा नाही, त्या कापणीचा. `1e-6` वर कापलं तर १३.८. मग खरा कोणता धरायचा?

लॉगवाला: कापूच नये. शून्य सांगणारी पद्धत सरळ बाद करावी.

पंचगंगाकाठ: बाद केली तर तुलना कुणाशी करू? आणि दहा दिवसांत दोनच घटना. त्यातला एक दिवस इकडंतिकडं झाला तर ०.०७४ पण हलेल. जुन्या पावसाळ्यांच्या नोंदी जमवतो, दोन्ही आकडे काढून टाकतो इथं.

कसबा बावडा: टाका. रेघ मात्र आधीच ठरवून लिहा. मीही ३० आत्ताच लिहून ठेवतो.