वाफ देऊनही चुण्या परत का येतात?

"लिननच्या शर्टाला वाफ दिली, चुण्या गेल्या. तासाभरात परत आल्या. इस्त्री खराब आहे का?"

इस्त्री ठीक असावी, बहुधा कापड ओलसर राहिलं. सुती आणि लिनन दोन्ही सेल्युलोज या वनस्पतींच्या तंतूंमधल्या पदार्थाचे. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे सहज तुटणाऱ्या-जुळणाऱ्या हलक्या जोडांनी, धरून असतात. कापड दुमडलं की काही बंध तुटतात आणि वाकलेल्या जागीच नवे जुळतात, तीच चुणी. वाफेतलं पाणी साखळ्यांमध्ये शिरून हे बंध सैल करतं, पण सपाट आकार पक्का होतो तो पाणी निघून गेल्यावरच. म्हणून आधी पाणी शिंपडून पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, मग गरम इस्त्री दाबून कोरडं होईपर्यंत फिरवा. लगेच घालू नका, दहा मिनिटं हँगरला राहू द्या. घामाने मात्र कोपराशी चुण्या पडणारच, लिननचा तो स्वभावच.