उत्तर: बरोबरी झाली तर काय?

«आमच्या सोसायटीच्या क्विझमध्ये दोन विंगना सारखेच गुण पडले. टायब्रेकर कसा घ्यावा?»

आधी बझर लावेल त्याचं उत्तर घेऊ नका. कुणाचा हात आधी उठला यावरून हमखास भांडण होतं. त्याऐवजी आकड्याचा एकच प्रश्न ठेवा आणि जवळचं उत्तर देणारा संघ विजयी धरा. उदाहरणार्थ, सूर्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत यायला सरासरी किती सेकंद लागतात? उत्तर सुमारे 499. एका संघाने चिठ्ठीवर 480 लिहिलं, दुसऱ्याने 510; फरक 19 आणि 11, म्हणजे दुसरा संघ जिंकला. आकडा जास्त की कमी, याला महत्त्व नाही, हे प्रश्नाआधीच सांगून टाका. दोन्ही चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. फरकही सारखाच निघाला तर दुसरा प्रश्न हवा, म्हणून असे तीन प्रश्न बंद पाकिटात तयार ठेवा.

हे प्रश्न क्विझमास्तरनेच काढावेत, आणि तो कुठल्याच विंगचा नसावा. बाहेरचा कुणी मित्र उत्तम. समितीतल्या कुणीही प्रश्न आधी पाहू नयेत, अगदी टायपिंगसाठीसुद्धा. फेऱ्यांचे गुण मात्र दोघांनी वेगवेगळे लिहावेत आणि प्रत्येक फेरीनंतर ताडून फळ्यावर मांडावेत. पुष्कळदा बरोबरी ही बेरजेतली चूकच निघते.